आजीचं पत्र, बाळूचं अक्षर

प्रश्न: कळव्याला आठ बायकांचा संध्याकाळचा साक्षरता वर्ग घेते. वय 35 ते 60. मुळाक्षरं, बाराखडी झाली, आता छोटे उतारे वाचतात. त्यांच्यासाठी मी एक गोष्ट लिहिली. एक बाई वारलेल्या आजीची पत्रं वाचते आणि आजीची माया आठवून रडते. खाली विचार करायला लावणारे पाच प्रश्न दिले. गोष्ट कशीबशी वाचून झाली, पण पाचही प्रश्नांना सगळ्यांचं एकच उत्तर: "शिकलं पाहिजे." गोष्ट अवघड झाली की प्रश्न चुकले? तुम्ही कशी लिहिली असती?

उत्तर:

प्रश्नांकडे नंतर येते. आधी एक सांगा, तुमच्या गोष्टीतल्या आजीला लिहिता कसं येत होतं?

चेष्टा नाही करत. 1951 च्या जनगणनेत देशातल्या शंभर बायकांमागे जेमतेम नऊ जणी साक्षर होत्या. तुमच्या वर्गातल्या पन्नाशीच्या बाईची आजी त्याच काळातली, आणि बहुतेक खेड्यातली. ती स्वतःच्या हातानं पानभर पत्र लिहिते असं वाचलं की समोरच्या बाईला कळतं, ही आपली आजी नाही, पुस्तकातली आहे. मग तीही पुस्तकी उत्तर देते. वर्गात ताईंना काय ऐकायला आवडतं हे बायकांना पहिल्या आठवड्यातच कळलेलं असतं.

मी कोपरखैरणे आणि तुर्भे इथं सतरा वर्षं असे वर्ग घेते आहे. माझ्याकडच्या बऱ्याच जणी माथाडी कामगारांच्या घरातल्या, म्हणजे सातारा, पाटण, जावळी तिकडून आलेल्या. त्यांच्या घरी पत्रं यायची, नाही असं नाही. पण आजी सांगायची आणि लिहायचं दुसरंच कोणी. कधी पोस्टमन, कधी मास्तर, बहुतेक वेळा शेजारचा सातवी-आठवीतला पोरगा. इकडे पत्र आलं की वाचायचंही दुसरंच कोणी. आजी आणि नात यांच्यामध्ये दोन माणसं उभी, एक लिहिणारा, एक वाचणारा. मला विचाराल तर गोष्ट त्या दोघांत आहे. नात आज स्वतः वाचायला लागली, म्हणजे त्यातला एक माणूस बाजूला झाला. तो बाजूला झाल्यावर तिला काय दिसतं, एवढंच लिहायचं.

हे मलाही पहिल्या फटक्यात सुचलं नव्हतं. माझ्या पहिल्या गोष्टीत वडील पत्रातली एक ओळ गाळून वाचायचे आणि ती ओळ होती, "सुमनला शाळेत घाला." मला वाटलं होतं, काय जबरदस्त कलाटणी आहे! वर्गात वाचली आणि तुमच्यासारखंच झालं. एकामागून एक सगळ्या म्हणाल्या, मुलींना शिकवलं पाहिजे. तेव्हापासून मी गोष्टीला एक कसोटी लावते. गोष्ट न वाचता प्रश्नाचं उत्तर देता येत असेल तर त्या प्रश्नाला काही अर्थ नाही. आणि गोष्टीतच घोषवाक्य असेल तर कितीही हुशार प्रश्न विचारा, उत्तरात घोषवाक्यच येणार. मग मी शाळा काढून टाकली आणि तिथं डूल घातले.

खाली देते ती गोष्ट तुमच्या वर्गाला बसेल की नाही हे बायका कुठल्या पायरीवर आहेत त्यावर आहे. बाराखडी झाली म्हणजे वाचन आलं असं नसतं. त्यांनी कधी न पाहिलेल्या पाच ओळी द्या आणि शेजारी बसून ऐका. बाई अक्षर-अक्षर जोडत असेल, "सु, म, न, सुमन" असं, आणि ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरत असेल, तर ही गोष्ट लांब पडेल. मग नुसतं पत्रच द्या, आजूबाजूची गोष्ट तुम्ही तोंडी सांगा. शब्द एका दमात येत असेल आणि अडखळणं फक्त जोडाक्षरांवर असेल तर पूर्ण गोष्ट दोन संध्याकाळींत होते. उल्लास साक्षरता कार्यक्रमाच्या चाचणीची तयारी करून घेत असाल (वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी 50 गुण) तर वाचनाचा सराव म्हणून चालेल, पण प्रश्नांवरच्या गप्पा त्या तयारीत धरू नका. त्याला वेगळा वेळ लागतो.

ही गोष्ट.

आजीची पत्रे

सुमन कोपरखैरणेला राहते.
ती भाजी विकते.
रात्री ती वाचायला शिकते.

एक दिवस सुमनने घर आवरले.
माळ्यावर एक जुना डबा होता.
डब्यात निळी पत्रे होती.
सगळी आजीची.

आजी पाटणजवळ राहायची.
आजीला लिहिता येत नसे.
आजी सांगायची. शेजारचा बाळू लिहायचा.
पत्र आले की बाबा वाचून दाखवायचे.
आई आणि सुमन ऐकत बसायच्या.

आता आजी नाही. बाबाही नाहीत.
सुमनने एक पत्र उघडले.
बोट ठेवून ती वाचू लागली.

श्री
चि. मारुतीस अनेक आशीर्वाद.
पत्रास कारण की,
इकडे सर्व ठीक आहे.
गाय व्याली. कालवड झाली.
पाऊस लांबला. बियाणे वाया गेले.
सुमनचे डूल मी विकले.
बियाणे परत आणले.
तिला सांगू नको.
सुगी झाली की नवे डूल करीन.
तुमची खुशाली कळवा.
तुझी आई

सुमन थांबली.
तिने ती ओळ परत वाचली.

सुमनचे डूल मी विकले.

लहानपणी सुमन आजीकडे गेली होती.
तिकडेच तिचे डूल हरवले.
ओढ्यात पडले असतील, असे आजी बोलली.
घरी आल्यावर आई रागावली.
सुमन खूप रडली.

हे पत्र बाबांनी वाचून दाखवले होते.
सुमनला पाऊस आठवत होता.
कालवड आठवत होती.
ही ओळ मात्र तिने ऐकली नाही.

सुमनने शेवटचे पत्र उघडले.
अगदी खाली एक ओळ होती.

डूल राहिले.

सुमनने कानाला हात लावला.
मग पत्राची घडी घातली.

आता ही अशी का लिहिली ते सांगते. त्यातला सगळ्यात किचकट भाग जोडाक्षरांचा.

मराठीत जोडाक्षराशिवाय गोष्ट लिहायला बसा, तिसऱ्या ओळीला अडता. "तिच्या", "होत्या", "घरातल्या", प्रत्यय लागला की "च्या", "त्या" आणि "ल्या" येणारच. म्हणून मी यकार जोडलेली अक्षरं टाळायच्या भानगडीत पडत नाही. माळ्यावर, डब्यात, बसायच्या, ओढ्यात, ही सगळी एकाच घरातली. आधीच्या दिवशी फळ्यावर "च्या, ल्या, ब्या, ढ्या" अशी माळ लिहून घ्यायची, म्हणजे बाईला कळतं की मागचं अक्षर बदलतं आणि य तोच राहतो. त्याशिवाय या गोष्टीत फक्त तीन जोडाक्षरं ठेवली आहेत. पत्र, रात्री, मात्र यांतला त्र. पत्राच्या डोक्यावरचा श्री. आणि आशीर्वाद, सर्व यांतला रफार. बाकी एकही नाही. "म्हणाली" काढून "बोलली" घातलं, "नव्हती" काढून "नाही" वर भागवलं, "वर्ष" आलं की वाक्यच बदललं. गावांची नावंही बघून घ्यावी लागतात. कोपरखैरणे दिसायला लांबलचक, पण त्यात एकही जोडाक्षर नाही. तुर्भे एवढंसं, पण रफार घेऊन बसलेलं. तुमच्यासाठी कळवा उत्तम. सुमनला खुशाल कळव्याला राहायला न्या.

"विकलं" की "विकले" हा प्रश्न तुम्हाला पडेलच. बोलताना आपण सगळ्या "विकलं"च म्हणतो, तेव्हा तसं लिहिलं तर सोपं जाईल असं वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. शेवटच्या टिंबाचं काय करायचं ते नव्यानं वाचणाऱ्या बाईला कळत नाही. "आंबा", "डोंगर" मध्ये टिंबाचा नाकातला उच्चार शिकलेली असते, मग ती "विकलं" ला "विकलम्" वाचते आणि स्वतःच दचकते. तीच गत गावाकडच्या बोलीची. "न्हाई", "व्हतं", "म्होरं" कानाला गोड, पण कागदावर प्रत्येकात एक जोडाक्षर वाढलं. म्हणून शब्द गावचे घ्यायचे, कालवड, सुगी, डूल, आणि वळण पुस्तकातलं ठेवायचं. इथं ते शोभतंही, कारण पत्र आजी सांगत असली तरी लिहितोय शाळेत जाणारा बाळू. तो "विकले"च लिहिणार.

पत्राचा मायना मात्र सोपा करायच्या नादात काढू नका. "अनेक आशीर्वाद", "पत्रास कारण की", "खुशाली कळवा" हे शब्द वाचायला जड वाटतात, पण वर्गातल्या निम्म्या बायकांच्या कानात ते लहानपणापासून बसलेले असतात. पहिली दोन अक्षरं ओळखली की उरलेली ओळ आपोआप तोंडात येते. जोडाक्षरं तिथं, जिथं कान मदतीला आहे. डूल विकल्याची ओळ कानानं ओळखता येणारी नाही, ती डोळ्यांनीच वाचावी लागते, म्हणून तिच्यात एकही जोडाक्षर नाही. गोष्टीचा कणा ज्या ओळीवर आहे ती ओळ सगळ्यात सोपी हवी, एवढं एक पथ्य पाळलंत तरी पुष्कळ.

छपाईचं थोडक्यात. अक्षर 20 पॉइंटचं, एका ओळीत पाच-सहा शब्दांच्या वर नाही, आणि ओळ तिथंच तोडायची जिथं बोलताना श्वास घेतो. अवतरण चिन्हं मी घालत नाही. ती वेलांटीचा तुकडा समजून वाचायला जातात. कोणाचं बोलणं ठळक करायचं तर आधी-नंतर एक ओळ मोकळी सोडते. आणि फॉन्ट बघून घ्या. संगणकातल्या बऱ्याच फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. आपल्या बायका फळ्यावर मराठी वळणाचे शिकलेल्या. एकदा "लिहायचा" पाशी आख्खा वर्ग अडला आणि मला अर्धा तास कळेना की अडलंय कुठं.

पत्र वेगळ्या निळ्या कागदावर छापून आंतरदेशीय पत्रासारखी तिहेरी घडी घालते. सुमन उघडते तेव्हाच बायकांनीही उघडायचं, आधी नाही. हौस आहे म्हणा हवं तर. पण पुढचं आधी कळलं नाही की "सुमनचे डूल" या शब्दांपाशी वाचणं खरोखर मंदावतं, ते बघायला मिळतं.

सुमन भाजी का विकते? पहिल्या वेळी ती चार घरची भांडी घासायची. एका मावशींनी कागद खाली ठेवला आणि म्हणाल्या, "गोष्टीत पण भांडीच का हो ताई?" तेव्हापासून भाजी.

आता प्रश्न. पाच नकोत, चार पुरे, आणि त्यांचा क्रम सांभाळा.

पहिला प्रश्न नेहमी बोटाचा. आजीने डूल का विकले ते कुठल्या ओळींवरून कळतं, तिथं बोट ठेवा. तोंडी उत्तर चालणार नाही, बोटच हवं. बाई वाचते आहे की शेजारणीचं ऐकून म्हणते आहे ते इथं उघडं पडतं. गोष्ट तुम्ही आधी मोठ्यानं वाचून दाखवली असेल तर हे फारच जपून बघा, कारण बायकांची पाठांतरं आपल्यापेक्षा कितीतरी दांडगी. शंभर ओव्या तोंडपाठ असलेल्या बाईला तुमची गोष्ट दोनदा ऐकून पाठ होते. शंका आली तर मी विचारते, "डूल" हा शब्द गोष्टीत किती वेळा आहे, मोजा. पाच वेळा आहे. पाठ म्हणणारीला हे मोजता येत नाही, तिला कागदाकडे जावंच लागतं.

दुसरा प्रश्न: बाबांनी ती ओळ का वाचली नसेल? गोष्टीत उत्तर नाही, पण खुणा आहेत. आजीनं "तिला सांगू नको" असं सांगितलंय, आणि सुमन समोर बसली होती. पण आईही तिथंच बसली होती, तिलाही कळू दिलं नाही. माझ्या वर्गात यावर जुंपली. एक जण म्हणाली, बाबा शहाणे, म्हातारीचा शब्द राखला. दुसरी म्हणाली, शब्द राखला पण पोरीनं बोलणी खाल्ली त्याचं काय? तिसरीचं लक्ष भलतीकडेच. ती म्हणाली, घरात कोणाला कळलं नाही, पण बाळूनं गावभर केलं असेल की! सगळ्या हसल्या. मी मात्र ते वाक्य वहीत लिहून घेतलं, कारण लिहून घेणाऱ्याला सगळं कळतं ही गोष्ट मला लिहिताना सुचलीच नव्हती. दुसऱ्याच्या हातानं ज्यांची पत्रं गेली त्यांना ती पहिली सुचते. त्यानंतर मी आणखी एक विचारायला लागले, बाळूसमोर आजीनं काय सांगायचं टाळलं असेल? या प्रश्नाला प्रत्येक वर्गात वेगळी उत्तरं आली आहेत. सुनेबद्दलचं, दुखण्याचं, कर्जाचा आकडा.

तिसरा: सुमनने आता आईला सांगावं का? गोष्टीत आई गेल्याचं कुठंही म्हटलेलं नाही. हे ज्यांच्या लक्षात येतं त्या नीट वाचत आहेत असं समजा. तुम्ही होऊन सांगू नका. "आई आहे का अजून?" असं कोणीतरी विचारतं, मग सगळ्या पुन्हा कागदात डोकं घालतात. प्रश्नानं माणूस पुन्हा मजकुराकडे गेला तर तो प्रश्न कामाचा. या प्रश्नाला बरोबर उत्तर नाही आणि बायका ते मान्य करत नाहीत. त्या विचारणारच, "ताई, तुमचं काय म्हणणं?" मी शेवटपर्यंत सांगत नाही. सांगितलं की चर्चा संपते, दुसऱ्या दिवशी सगळ्यांचं तेच मत असतं.

चौथा प्रश्न त्यांच्या स्वतःच्या आयुष्याचा, आणि तो सगळ्यात शेवटी. तुमचा एखादा कागद दुसऱ्या कोणी वाचून दाखवला होता का? सगळा वाचला असेल असं वाटतं का? "तुमची आजी कशी होती" असं मी विचारत नाही. तो प्रश्न गृहीत धरतो की आजी होती, मायाळू होती आणि तिच्याबद्दल सात बायकांसमोर बोलावंसं वाटतं. कागदाबद्दल बोलणं सोपं असतं. एकीनं दवाखान्याचा कागद सांगितला, मुलानं "काही नाही, ताकदीच्या गोळ्या" एवढंच वाचलेलं. एकीनं खोलीचा करार सांगितला. एक जण म्हणाली, मोबाइलवर बहिणीचा मेसेज येतो, नातू वाचतो, पण मेसेज एवढा लांब आणि तो वाचतो एवढासा. त्या तिघींपैकी एकीनं पुढच्या वेळी तो कागद वर्गात आणला आणि आम्ही तो मिळून वाचला. पण "आणा" असं तुम्ही म्हणू नका. घरातले कागद घरातल्या भांडणांना जोडलेले असतात, आणि वाचून झाल्यावर ती बाई त्याच घरी परत जाणार असते.

तुमच्या प्रश्नांत "ती बाई का रडली?" असा प्रश्न असेल तर तो काढून टाका. "पत्र वाचून तुम्हाला काय वाटलं?" हाही. पहिल्याचं उत्तर तुम्हीच गोष्टीत देऊन ठेवलंय, आणि दुसऱ्याला "छान वाटलं" याच्यापलीकडे कोणी जात नाही. गोष्टीच्या शेवटी सुमनला रडवूही नका. तिनं कानाला हात लावला एवढं लिहिलं की पुढचं बायका स्वतः भरतात. एकीचं म्हणणं तिला राग आला, एकीचं म्हणणं तिला हायसं वाटलं, कारण इतकी वर्षं ती स्वतःलाच वेंधळी समजत होती. हे दुसरं उत्तर ऐकलं तेव्हा मी थांबले. मी स्वतः तेवढं लांबचं लिहिलं नव्हतं.

वेळेचं गणित असं बसतं. पहिल्या दिवशी पाऊण तास, त्यात जोडाक्षरांची माळ आणि पत्र उघडेपर्यंतचा भाग, मग पत्र. गोष्ट "सुमन थांबली" इथं तोडायची. दुसऱ्या दिवशी पत्राच्या ओळी कापून पट्ट्या करून द्यायच्या आणि क्रमानं लावायला सांगायचं. पाच मिनिटांचं काम, पण कालचं किती डोळ्यांत राहिलंय ते कळतं. मग उरलेली गोष्ट आणि प्रश्न. प्रश्न तोंडीच. लेखी उत्तरं मागितली की चार शब्दांत भागवतात, कारण लिहायचे कष्ट जास्त आणि म्हणणं मोठं.

लिखाण तिसऱ्या दिवशी, तेही जोडीनं. एक बाई आजी होते, एक बाळू. आजीनं तीन ओळी सांगायच्या, बाळूनं जशाच्या तशा लिहायच्या, आणि मग आजीनं आपलं पत्र स्वतः वाचून बघायचं. गंमत इथं होते. बाळू झालेली बाई स्वतःच्या नकळत सुधारते. आजी म्हणते, "पाय लई दुखतोय, पण कुणाला बोलू नगं," आणि कागदावर येतं, "माझी तब्येत बरी आहे." का बदललंस विचारलं तर उत्तर मिळतं, "पत्रात असं लिहितात का?" मग पुन्हा आजीच्या पत्राकडे जायचं. त्यातल्या कुठल्या ओळी आजीच्या आणि कुठल्या बाळूच्या, खुणा करा. "इकडे सर्व ठीक आहे" ही ओळ बहुतेक सगळ्या बाळूच्या नावावर टाकतात, कारण खाली बघितलं तर काहीच ठीक नाहीये. शेवटी पत्ता लिहायचा, पिनकोडच्या सहा आकड्यांसह. कोपरखैरणेचा 400709 माझ्या बायकांना आता झोपेतही येतो.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण सांगून ठेवते. मागच्या एका वर्गात एका मावशींची आई नुकतीच वारली होती. मला माहीत नव्हतं. "आता आजी नाही" या ओळीला त्या थांबल्या आणि पुढं वाचेनात. मी चूक अशी केली की "सावकाश वाचा" म्हटलं, जणू जोडाक्षर अडलंय. शेजारणीनं मला डोळ्यांनी खुणावलं. आता गोष्ट वाटायच्या आधीच सांगते की यात एक वारलेली आजी आहे, कोणाला आज वाचायचं नसेल तर त्यांनी पट्ट्या कापायचं काम घ्यावं. कात्री हातात असली की बाईला उठून जावं लागत नाही. त्या मावशींनी पुढं महिनाभरानं गोष्ट मागून घेतली. पत्राचा निळा कागद तेवढा परत केला, म्हणाल्या, हा नको, माझ्याकडं खरा आहे.